टेस्टिंग, सपोर्ट आणि बाबांचा हात

बाबा सिंदीला कापसाचे व्यापारी. गाडी दारात आली की शेतकरी वरचा पांढराशुभ्र कापूस दाखवायचा आणि बाबा त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलत बोलत कोपरापर्यंत हात आत घालायचे. तळातून पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, निघाली की भाव खाली. वरून पाहून आपण आयुष्यात एक गाडी घेतली नाही, हे ते जेवताना इतक्यांदा सांगत, की भाजी कशी झाली हे विचारायला आईला सवड मिळत नसे.

मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाले तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि खोडाचा आडवा छेद घेता येणाऱ्या मुलीची कुणालाच गरज नव्हती. वर्ध्याला एक कॉम्प्युटर क्लास केला. तिथल्या सरांनी नागपूरच्या दोन मुलाखतींना पाठवलं आणि नवल म्हणजे दोन्हीकडे निवड झाली. एकीकडे सॉफ्टवेअर टेस्टिंग, दुसरीकडे आयटी सपोर्ट. कॉम्प्युटरची पदवी नसलेल्यांना आत शिरायला हीच दोन दारं, असं सर म्हणाले. कुठल्या दारातून खरंच आत जाता येतं आणि कुठलं नुसतं ओसरीवर बसवून ठेवतं, ते त्यांनी सांगितलं नाही. क्लासच्या जाहिरातीला दोन्ही सारखीच होती. मला मात्र जन्मभर ओसरीवर बसायचं नव्हतं.

बाबांनी निकाल लगेच दिला. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या मालातले दोष काढायचे, म्हणजे घरचाच धंदा. सपोर्ट म्हणजे फोन उचलून लोकांची रडगाणी ऐकायची, ते तर आत्याही फुकटात करते. शिवाय 'सॉफ्टवेअर' हा शब्द पाहुण्यांपुढे टाकायला वजनदार होता.

मी दोन्ही ऑफिसं पाहून येते म्हणाले, तर बाबाही निघाले.

टेस्टिंगच्या ऑफिसला काचेचं दार होतं आणि आत गारवा. बाबा साहेबांच्या समोर ऐसपैस बसले. तिथं वर्षभर काम करणाऱ्या एका मुलीजवळ मी खुर्ची ओढली. लिहून आलेल्या पायऱ्या एकामागून एक करायच्या, स्क्रीनवर यायला हवं ते आलं नाही तर नोंदवायचं, दुरुस्त होऊन आलं की पुन्हा तेच करून पाहायचं, असं तिनं सांगितलं. पायऱ्या दुसऱ्या शहरातून लिहून येत. दुरुस्ती करणाऱ्याशी ती कधी बोलली नव्हती आणि बिघाड कशामुळे झाला हे तिला कुणी सांगत नसे. तिची काही तक्रार नव्हती, याचीच मला भीती वाटली.

सपोर्टचं ऑफिस एका मेसच्या वर होतं आणि जिन्यात फोडणीचा ठसका लागायचा. तिथला मुलगा बी.कॉम. झालेला. सुरुवातीचे महिने विसरलेले पासवर्ड आणि रुसलेले प्रिंटर यातच जातात, हे त्यानं लपवलं नाही. पण आपल्याकडून न सुटलेली तक्रार वरच्या माणसाकडे गेली, तर ती सुटेपर्यंत त्याच्या शेजारी बसायचं, असा तिथला रिवाज होता. तसं बसून बसून आता सर्व्हरची बरीच कामं तोच करत होता.

मी सपोर्ट घेतलं. परतीच्या गाडीत बाबा एकदाच बोलले, "काचेचं दार सोडून फोडणीच्या वासात चालली तू."

पुढे काही वर्षं ते लोकांना "पोरगी नागपूरले हाय" एवढंच सांगत. मी पासवर्डांतून प्रिंटरांत, प्रिंटरांतून नेटवर्कात आणि तिथून सर्व्हरांत शिरले, पुण्याला गेले. मग बाबांनी मत बदललं आणि ते पहिल्यापासून असंच होतं असंही ठरवून टाकलं.

एका सुट्टीत घरी आले तर शेजारची मुलगी येऊन बसली. ती बी.कॉम., तिच्याही पुढ्यात तीच दोन दारं. बाबांनी सगळ्या गल्लीदेखत तिला सांगून ठेवलं होतं, डोळे मिटून सपोर्ट घे. दुसऱ्या दिवशी ती टेस्टिंगवाल्यांना 'नको' म्हणून कळवणार होती. मी खोदून विचारलं. तिच्या सपोर्टमध्ये स्क्रीनवरची ठरलेली उत्तरं वाचायची आणि अडलं की फोन पुढे द्यायचा, त्याचं पुढे काय झालं ते कळायची सोय नाही. टेस्टिंगमध्ये मात्र पायऱ्या तिनंच लिहायच्या होत्या, डेटाबेसमधली माहिती काढायला शिकायचं होतं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्याच खोलीत बसायचं होतं.

माझं डोकं सणकलं. एका पोरीचं दार बाबा सुपारी कातरता कातरता बंद करत होते.

"बाबा, हिच्या गाडीत हात घालून पाह्यला का तुम्ही?"

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. "नाई," ते म्हणाले. "तुयावरूनच भाव काढला म्या."

मी मुलीला टेस्टिंगला पाठवलं. बाबांशी भांडायचं मात्र राहूनच गेलं.