गेस्ट डिग्निटी असोसिएट, ग्रेड टू

हे पदाचं नाव मीच शोधून काढलं. आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणावर ढकलायला नको.

गोव्यात, पेडण्याला आमची पोरांची संघटना होती. स्थानिकांना काम द्या, मानाने द्या, असं पत्रकांवर छापायचो आणि बाजारात वाटायचो. पत्रकं मी लिहायचो. मोरजीच्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्यांना 'रूम बॉय' म्हणत. पन्नाशीच्या माणसालाही बॉय! मी त्यावर अख्खं पत्रक काढलं. हॉटेलवाले वैतागले, मग शहाणे झाले. त्यांनी मला भरतीच्या कामाला घेतलं आणि पदाचं नवं नाव सुचवायला सांगितलं. मी सुचवलं. 'ग्रेड टू' त्यांच्या पगाराच्या तक्त्यातून आलं. मला ते नाव वाचताना छाती फुगल्यासारखं व्हायचं.

पावसाळ्याआधी खोल्यांसाठी भरती निघाली. हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकचं काम पावसात बंद होतं, म्हणून माझी वहिनी बारा महिन्यांचं काम शोधत होती. स्कूटरने जाता येईल असं, मुलीला शाळेतून घेता येईल असं. आमची भरती नेमकी तशी होती, थेट हॉटेलच्या पटावर. मी तिला काही बोललो नाही. नातेवाइकाला आत घेतलं म्हणतील, ही भीती. जाहिरात नोकऱ्यांच्या पोर्टलवर आहे, तिची तिला दिसेल.

आठवडा गेला. अर्ज आले तीन. तिघेही बाहेरगावचे पदवीधर, तिघांनाही वाटलेलं की हे ऑफिसातलं काम आहे.

मॅनेजरने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघा पुढारी. तुमच्या लोकांना काम नकोय. शनिवारपर्यंत वाट बघतो, नाहीतर ठेकेदाराला सांगतो. त्याची माणसं तयार आहेत."

मी भांडलो. लोकांना काम हवंय, तुम्ही नीट कळवत नाही, वगैरे. ते हसले. "कळवायचं काम कोणाकडे आहे?"

संध्याकाळी वहिनी माशाला मीठ लावत होती. म्हणाली, "भावजीनू, तुमच्या हाटेलात भरती नाय काय ओ?"

"निघाली की."

"मगे माका कित्याक दिसना नाय? मी रोज बघतंय."

"काय टाकून बघतस?"

तिने हात पुसून फोन दाखवला. 'हाऊसकीपिंग जॉब मोरजी'. त्याखाली आधीच्या दिवसांचे शोध: 'रूम क्लीनिंग काम पेडणे', 'हॉटेल काम लेडीज'. आमच्या जाहिरातीत यातला एक शब्द नव्हता. मी आमच्या पदाचं नाव टाईप करून जाहिरात तिच्यापुढे धरली.

"ह्या? ह्या माझ्यासाठी? डिग्निटी म्हणजे काय ओ?"

"मान."

"मान होयो कोणाक? काम होया." आणि हसली. "खंयच्या शाण्यान ठेवल्यान ह्या नाव?"

मी सांगितलं नाही. हे आपलं काम नव्हे असं समजून ती माशाकडे वळली; अर्ज भर, असं मीही म्हटलं नाही, नातेवाइकाची भीती होतीच.

त्याच वेळी मॅनेजरला फोन करायला हवा होता. नियुक्तिपत्रावर काय पद छापायचं ते छापा, पण जाहिरातीचं शीर्षक लोक शोधतात तसं हवं: 'हाऊसकीपिंग स्टाफ, मोरजी', संपलं. पोर्टलवर त्यासाठी वेगळा रकाना आहे. मीच त्यात पदाचं नाव जसंच्या तसं टाकलं होतं. पण बदल मागायचा म्हणजे ज्या नावासाठी भांडलो ते गिळायचं, तेही त्या हसणाऱ्या माणसासमोर. दोन दिवस मी गप्प बसलो. शुक्रवारी शेवटी बदल टाकला. शीर्षक बदललं की मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. ती सोमवारी आली.

शनिवारी ठेकेदाराशी करार झाला.

सोमवारी दुपारपर्यंत अर्जांची रीघ लागली. हरमल, मांद्रे, डिचोली, एक तर मयेहून. मी एकेकाला 'जागा भरल्या' असं कळवत बसलो. तेही माझंच काम.

त्या यादीत वहिनीचा अर्ज नव्हता. तिला रविवारीच काम लागलं होतं. ठेकेदाराची तयार माणसं कमी पडली, म्हणून करार होताच त्याने त्याच पोर्टलवर जाहिरात टाकलेली, 'हाऊसकीपिंग काम, मोरजी'. तिला ती लगेच सापडली. करार अकरा महिन्यांचा, नियुक्तिपत्र ठेकेदाराचं, पुढे ठेवायची की नाही ते तोच ठरवणार. खोल्या मात्र आमच्याच.

संघटनेची पोरं विचारतात, ठेकेदारीवर पत्रक कधी काढतोस? काढीन म्हणतो. पहिली ओळ लिहायला बसलो की ठेकेदार का आला त्याचं कारण लिहावं लागतं.

रोज सकाळी कामगारांच्या दारातून आम्ही एकाच वेळी आत जातो. ठेकेदाराच्या माणसांना बॅज हॉटेलचेच देतात, 'गेस्ट डिग्निटी असोसिएट'चे, छापून पडलेत म्हणून. काल तिने तो सरळ करत विचारलं, "भावजीनू, ह्या नाव बदलूचा तर कोणाक सांगूचा?"

"माका," म्हटलं, आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिलो.