बापाची रजा आणि मधाळचा अर्ज

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो फोनवर बसायचा. कुठे कोणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन त्याच्याकडे यायचा. मेकॅनिकला तिकडे पिटाळायचं आणि तो पोचेपर्यंत अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे त्याचं काम. "घाबरू नका. हवा भरपूर आहे. दार ओढू नका. आमचा माणूस निघालाय," हे तो अशा काही सुरात म्हणायचा की रडकुंडीला आलेला माणूससुद्धा त्याला जेवण झालं का म्हणून विचारायचा. ऑफिसात सगळे त्याला मधाळ म्हणत.

हा मध घरी मात्र आटला. बाळ तारखेच्या तीन आठवडे आधीच आलं. रजेचा अर्ज लिहायला पुष्कळ वेळ आहे अशा भ्रमात असलेल्या मधाळची पार दाणादाण उडाली. साहेबांना कसाबसा फोन करून त्याने चार दिवस मागून घेतले होते. दवाखान्यातून बायको घरी आली त्या दुपारी साहेबांचा निरोप आला, "अभिनंदन. रजेचा अर्ज लेखी द्या. आजच."

साहेब असेच होते. चार शब्दांवर पाचवा खर्च करायला त्यांच्या जिवावर यायचं.

"लिही ना मग," बायको म्हणाली.

"लिहू कशाने? एका हातात हा आहे, दुसऱ्या हाताने याची मान धरलीय."

"फोनला सांग. बोललेलं उमटतं त्यात."

ही युक्ती त्याला फारच पटली. फोन उशीला टेकवून ठेवला, माइकचं बटण दाबलं आणि बाळाला खांद्यावर घेऊन तो खोलीभर येरझाऱ्या घालत खणखणीत आवाजात अर्ज सांगू लागला. सासूबाई दुपट्यांच्या घड्या करत होत्या. मध्येच बाळाने सदऱ्यावर दूध ओकलं. धांदलीत मधाळने मजकूर जपून ठेवायला म्हणून अंगठा दाबला आणि नेमकं पाठवायचं बटण दाबलं गेलं.

मग त्याने पाठवलेला अर्ज वाचला.

"आदरणीय साहेब, मी नुकताच बाप झालो असल्याने मला पितृत्व रजा अगं बाई परत केली वाटतं हो केलीच आहे पिवळी आहे मिळावी ही नम्र विनंती. तसेच पहिला महिना माझ्या कामाच्या वेळा कोण आहे रे लबाड कोण आहे टक्कल बघा कसं चकाकतंय लवचिक असाव्यात. घाबरू नका हवा भरपूर आहे आमचा माणूस निघालाय. दुपटं आण गं लवकर आपला विश्वासू."

साहेबांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

मधाळ मटकन पलंगावर बसला. बायकोने फोन घेतला, वाचला आणि हसता हसता टाक्यांवर हात दाबून धरला. "नको रे, दुखतंय!" असं म्हणत ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलेलं सगळं बरोबर लिहिलंय की."

तासाभरात साहेबांचं उत्तर आलं. मधाळने ते एक डोळा मिटून वाचलं. "अर्ज मिळाला. तारखा नाहीत. वेळा नाहीत. काम कोण बघणार, नाही. टकलाचा संबंध कळला नाही. उद्या दहाला भेटा."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत मनुष्यबळ विभागाच्या बाईही बसल्या होत्या. त्यांच्यापुढे अर्जाची छापील प्रत होती आणि त्या ओठ चावून खिडकीबाहेर बघत होत्या.

"साहेब, ते टक्कल बाळाचं," मधाळने बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"आणि लबाड?"

"तोही तोच."

"पिवळी?"

"तीही त्याचीच, साहेब."

बाईंना ठसका लागला. पाणी पिऊन त्या कामाचं बोलल्या. कंपनीच्या नियमात बापाला दहा कामाचे दिवस भरपगारी रजा होती. ती कधीपासून कधीपर्यंत हे अर्जात हवं आणि सोबत दवाखान्याचा कागद. रजा हक्काची होती, त्यात साहेबांनी मेहेरबानी करण्यासारखं काही नव्हतं. वेळांचं मात्र तसं नाही. ते साहेबांच्या मर्जीवर, आणि मर्जी होण्यासाठी त्यांच्यापुढे काहीतरी पक्कं ठेवायला हवं.

"लवचिक म्हणजे किती?" साहेबांनी विचारलं.

"जमेल तसं, साहेब."

"लोक जमेल तसे अडकत नाहीत."

हे मात्र खरं होतं. मधाळने डोकं खाजवलं. सकाळी सासूबाई आपल्या घरी जाऊन येतात, तेव्हा बायकोजवळ कोणी नसतं. म्हणजे अडचण सकाळची. "रजा संपली की पुढचे दोन आठवडे बारापर्यंतचे फोन घरून घेतो," तो म्हणाला. "कंपनीचा नंबर माझ्या फोनवर वळवता येतो. दुपारपासून संध्याकाळपर्यंत इथे."

"आणि रजेत?"

"बिलांच्या ताई बघतील. मी विचारलंय त्यांना."

साहेबांनी भुवया वर केल्या. बिलांच्या ताई थकबाकीदारांशी बोलायच्या त्या आवाजाने टेबलावरचा चहा हिंदकळायचा.

"त्या लोकांना धीर देतील?"

"प्रयत्न करतील, साहेब."

मधाळने तिथेच बसून नवा अर्ज हाताने लिहिला. तारखा घातल्या, वेळा घातल्या, ताईंचं नाव घातलं. साहेबांनी सही केली. वेळांच्या सवलतीपुढे लिहिलं, "आठवडाभर बघू. मग ठरवू."

रजेचे दिवस दुपटी धुण्यात आणि ढेकर काढण्यात कुठे गेले ते मधाळला कळलंच नाही. इकडे ताईंनी कारभार चोख ठेवला. "अडकलात ना? मग उभे राहा गप! बटणं कशाला बडवताय?" असं त्यांनी दरडावलं की लिफ्टमधला माणूस इतका गप्प व्हायचा, की मेकॅनिकला आत कोणी आहे की नाही याचीच शंका यायची.

मग घरून फोन घ्यायचा पहिला दिवस उजाडला. बायको अंघोळीला गेली, आणि बाळाने भोकाड पसरायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. कुठल्याशा इमारतीत एक वकील अडकले होते. आवाज भरदार, पण थरथरत होता.

"घाबरू नका," मधाळ बाळाला थोपटत म्हणाला. "हवा भरपूर आहे."

"मूल रडतंय! कुठे अडकलंय ते?"

"अडकलं नाही हो, माझंच आहे."

"अहो, मग असं काय धरलंय त्याला? पोटावर पालथं घ्या! तुमच्या हातावर! हं, आता पाठ चोळा. गोल गोल!"

"तुम्हाला दिसतंय का?"

"ऐकू येतंय ना. जुळ्यांचा बाप आहे मी!"

वकिलांचा थरकाप कुठल्या कुठे पळाला. ते भसाड्या आवाजात हळूहळू गुणगुणू लागले. मधाळने फोनचा स्पीकर लावला आणि फोन बाळाच्या कानापासून थोडा लांब धरला. बाळ हुंदके देत थांबलं, जांभई दिली आणि झोपलं. इतक्यात पलीकडून दार उघडल्याचा आवाज आला.

"या साहेब, बाहेर या," मेकॅनिक म्हणाला.

"श्श! हळू बोला," वकील कुजबुजले. "आत्ता डोळा लागलाय त्याचा."

त्या दुपारी मधाळ ऑफिसात पोचला तेव्हा साहेब त्याच्या टेबलाजवळ उभे होते. वकिलांनी कंपनीला कळवलं होतं, "सेवा उत्तम. बाळ नंतर किती वेळ झोपलं, कृपया कळवावे."

"साहेब, पुन्हा असं..." मधाळने सुरुवात केली.

"दोन्ही आठवडे मंजूर," साहेब म्हणाले. ते जायला वळले आणि दारात थांबले. "किती वेळ झोपला?"

"दोन तास, साहेब."

"वकिलांना कळवा," साहेब म्हणाले. "हाताने लिहून."