भाचीच्या न्हाणीतला गीझर

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि बाळंतिणीचं न्हाणं म्हणजे घरातला रोजचा सोहळा. खानापूरकडच्या गावात आक्काची मुलगी बाळंत होऊन घरी आली तेव्हा पावसानं सगळी लाकडं भिजलेली. चूल धूर तेवढा देई, पाणी काही तापत नसे. म्हणून दाजींनी बेळगावच्या धाकट्या भावाकडून त्याचा जुना गीझर आणला आणि मला बोलावलं. मी बेळगावजवळ मच्छ्याला कारखान्यात इलेक्ट्रिशियन. घरच्या कामाला मेव्हणा फुकट मिळतो, हे दाजींना पक्कं ठाऊक.

"पावणं, न्हाणीतल्या बल्बच्या वायरीवर जोडून टाका की," दाजी म्हणाले.

माझं डोकं तापलं. ती एक चौरस मिलिमीटरची बारीक वायर, बल्बापुरती. गीझर दोन किलोवॅटचा, तो नऊएक अँपियर ओढणार. वायर भिंतीत तापून वितळली तर कळणारसुद्धा नाही. मी मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची जाड तांब्याची वायर वेगळी ओढली. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, तिन्ही फक्त गीझरसाठी. त्यावर सोळा अँपियरचा एमसीबी, जाड पिनांचं सॉकेट, आणि तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी.

"ह्यो दुसरा खटका कशाला आणि?"

"एमसीबी वायरीला वाचवतो दाजी, आरसीसीबी माणसाला. गेलेला करंट सगळा परत आला न्हाय, कुठंतरी गळला, की ह्यो लगेच पडतो."

मला भीती होती ती वेगळीच. आपण गीझर बंद करून आंघोळीला बसतो. पण बाळंतिणीचं न्हाणं लांबतं. पाणी सारखं लागतं, गीझर चालूच राहतो, आणि ओल्या फरशीवर एकजण बाळाला पायावर घेऊन बसलेली असते.

काम संपलं तेव्हा भाची तेल लावून न्हाणीच्या दारात तयार होती. बाळ आक्काच्या मांडीवर. मी गीझर चालू केला आणि आरसीसीबी खाली पडला. वर केला, पुन्हा पडला.

"तुझी डबीच खराब दिसती," आक्का म्हणाली. "आजच्या दिवस डायरेक्ट जोड की रं. लेकरू गारठतंय."

दाजींनीही मान डोलावली. खरं सांगतो, त्या क्षणी मला आक्काचा राग आला आणि स्वतःच्या कामाची शंकाही. गीझरची पिन काढून त्याच सॉकेटात इस्त्री लावली. इस्त्री बिनतक्रार तापली, आरसीसीबी वरच राहिला. म्हणजे वायरिंग ठीक होतं. मग वीज बंद करून गीझरचं झाकण उघडलं आणि मेगर लावून करंटची गळती तपासली. पाणी तापवणारं एलिमेंट फुटलं होतं. वीज टाकीतल्या पाण्यात उतरत होती.

"आसं कसं?" दाजी म्हणाले. "भावाकडं कैक वर्षं चाललाय की. कधी खटका पडला न्हाय."

"तिथं ह्यो खटका हाय काय? आणि अर्थिंग?"

दाजी आठवत उभे राहिले. गीझर काढताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं, सॉकेटात दोनच वायरी होत्या. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांची आई त्याच भावाकडं राहते. नळाला हात लावला की मुंग्या येतात, असं ती रोज सकाळी म्हणे. वय झालं, नसा आखडल्या, असं समजून सगळ्यांनी तिला गोळ्या चालू केलेल्या.

आक्कानं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि पुन्हा डायरेक्टचं नाव काढलं नाही. त्या दिवशी शेजारणीनं तिच्या चुलीवरचं पाणी दिलं. दाजी अंगणात जाऊन भावाला फोन करत होते. "आईला न्हाणीत सोडू नगंस. गीझर नवा घेतलास, पर भिंतीतली वायर जुनीच हाय, बिनअर्थिंगची."

मी खानापुरातून नवं एलिमेंट आणून बसवलं, टेस्टचं बटन दाबून आरसीसीबी पडतो का ते पाहिलं, आणि दुसऱ्या सकाळी बोर्डाखाली पाटावर बसून राहिलो. आत बाळानं घर डोक्यावर घेतलं होतं, भाची हसत होती, आक्का "आणि गरम सोड" म्हणत होती. खटका हलला नाही. फार बरं वाटलं मला. माझ्या हातचं एवढं गोड काम दुसरं आठवत नाही.

दाजी पहाटेच्या गाडीनं बेळगावला गेले होते. तिथून फोन आला.

"पावणं, हितली वायर बदलायला कवा येताय? आई इचारती, गोळ्या बंद करू काय?"

"गोळ्यांचं डॉक्टरला इचारा," मी म्हणालो. "आणि मी येईपतूर तिला नळाला हात लावू देऊ नका."