खुंटा माझा आहे

लातुरात माझं लग्नपत्रिका डिझाइन करायचं दुकान आहे. गेल्या लग्नाच्या सीझनला एआयला सांगून एक चित्र करून घेतलं: हळदीच्या जात्याभोवती बसलेल्या बाया. चित्र देखणं, पण जात्याला खुंटाच नाही! पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी तेच. मशीननं कधी हळद दळली असती तर कळलं असतं ना. शेवटी टॅबचं पेन उचललं आणि खुंटा, त्याला बांधलेलं हळकुंड-सुपारीचं फडकं, खुंट्यावरचे दोघींचे हात, सगळं स्वतः काढलं. खाली चार ओळी लिहिल्या, आई दळताना म्हणायची त्या चालीवर, पण शब्द माझे.

पत्रिका मोठ्या हौसेनं स्टेटसला ठेवली. आठवड्यातच ती नांदेडच्या एका छापखान्याच्या कॅटलॉगात, जशीच्या तशी! अंगाची लाही लाही झाली. फोन लावला.

"ताई, ते एआयचं चित्र हाय," मालक हसत म्हणाला. "त्याला मालक नसतो. कुणीबी छापावं."

"आणि मी काढलेला खुंटा? माझ्या ओळी?"

"कशाला लई ताण घेऊन राहिल्या? आम्ही सगळं मशीनचंच समजतो."

समजतो म्हणे! नवरा म्हणाला, "सगळं हातानंच काढलं म्हणून सांग. कोण बघायला येतंय?" मी म्हटलं, खोटं का बोलू? माझं आहे तेवढंच मागते, पण ते सोडणार न्हाई.

ओळखीच्या वकीलबाईंना पत्रिकेची फाइल उघडून दाखवली. मशीनचं चित्र एका थरावर, माझं काम वेगळ्या थरावर. त्या म्हणाल्या, "संगणकाकडून कृती घडवून आणणारा तो कर्ता, असं कायद्यात आहे. पण नुसती सूचना टाइप करणारा त्यात बसतो का, याचा पक्का निकाल कोर्टाकडून अजून नाही. ॲपच्या अटींत चित्र तुझं म्हटलं असेल. तो तुझा न् कंपनीचा करार, त्यानं कॉपीराइट मिळतोच असं नाही. मात्र तू काढलेलं आणि लिहिलेलं तुझंच. नोंदणी नसली तरी."

"मग नोटिशीत तेवढंच लिहा," मी म्हटलं. "बाया त्यांना लखलाभ."

नोटीस गेली. मालकानं पत्रिका मागे घेतली आणि माझं तेवढं पुसून पुन्हा छापली. एक शब्द माफीचा नाही, वर मलाच पाठवली, "आता खूश?" म्हणून.

मी ती काउंटरवर माझ्या पत्रिकेशेजारी ठेवली. कंधारहून नातीच्या लग्नासाठी आलेल्या एक आजी दोन्ही न्याहाळत बसल्या. नांदेडची उचलून म्हणाल्या, "अगं बाई, हे जातं फिरवायचं कशानं?" दुकानभर हसू पिकलं. मी पण हसले, अगदी पोट धरून.

आता त्या पत्रिकेच्या प्रत्येक प्रतीमागे बारीक अक्षरात छापते: बाया मशीनच्या; खुंटा, हात आणि ओळी माझ्या. गिऱ्हाईक विचारतं, हे कशाला? म्हणते, राहू द्या, माझी सही आहे ती.