जिन्यात सांगितलेलं नाव

रफीक, ताडकळसहून आपण निघालो तेव्हा आई दारातून हलली नव्हती. तू टेम्पोच्या मागे दोर आवळत होतास आणि ती मला सांगत होती, "रफीकला आधी वाढ, मग तू जेव. सामान वाहणाऱ्याला उपाशी धाडू नको." डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी होती. परभणीत पोचल्यावर तू जेवला नाहीस. "उशीर व्हायलाय" म्हणालास आणि गेलास.

आभार मानायचे राहिले, म्हणून लिहितोय. बाजारचा दिवस सोडून तू माझ्यासाठी टेम्पो काढलास. लोखंडी कपाट रिकामं करून दारं दोरीनं बांधलीस, आरशावर आईची वाकळ गुंडाळलीस. गॅसची टाकी आडवी ठेवू दिली नाहीस. अप्पांच्या पत्रकांचे गठ्ठे मी एकाच पोत्यात कोंबले होते, ते तू उपसून चार पिशव्यांत भरलेस. "आरं, एवढं वझं उचलणार कोण? तुझी क्रांती?" अप्पा गेल्यापासून त्या गठ्ठ्यांवरून मी पहिल्यांदाच हसलो.

जिना अरुंद. वळणावर कपाट अडकलं. तू खाली राहून सगळा भार खांद्यावर घेतलास आणि मला वरून नुसतं वळवायला लावलंस. मी वर कपाट भिंतीला लावत होतो, तू पिशव्या आणायला खाली गेलास.

दुसऱ्या दिवशी घरमालक म्हणाले, "तुमचा तो राजू लय कामाचा पोरगा हाय."

राजू कोण, हे कळायला मला वेळ लागला. जिन्यात त्यांनी नाव विचारलं असणार. माझी खोली जाऊ नये म्हणून पाठीवर माझ्याच बापाची पत्रकं घेऊन तू तुझं नाव खाली ठेवलंस. माणसं सगळी सारखी, असं त्यातल्या प्रत्येक पानावर छापलंय. जेवायला का थांबला नाहीस, तेही तेव्हाच कळलं.

मी त्यांना सांगितलं, "त्याचं नाव रफीक. रविवारी तो इथं जेवायला येणार आहे."

ते मग म्हणाले, "महिना भरला की दुसरी खोली बघा."

तेव्हापासून हिंडतोय. नोकरी विचारतात, मग आडनाव, मग कोण येतं-जातं. गावाकडे तुझ्या घरी मी न विचारता चुलीपाशी बसायचो. इथं आल्यावर कळलं की घर म्हणजे तेवढंच होतं. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

त्या मदतीबद्दल तुझे आभार. नाव लपवलंस त्याचे मात्र मानणार नाही. ते माझ्यानं सोसवत नाही.

रविवारी ये. भाकरी मला नीट जमत नाही, कडा फाटतात. वांगी आणि शेंगदाण्याची चटणी करतो. जिन्यात कुणी विचारलं तर खरं नाव सांग, मोठ्यानं.

आणि टेम्पोतला दोर काढू नको. पुन्हा लागणार आहे.