वातीला लागलेलं तेल

वात दिसली की तिला तेलाचं बोट लावून पीळ द्यायचा, ही पेंटरच्या हाताची जन्माची सवय. हाताला डोकं नसतं हे खरं, पण त्या दिवशी पेंटरचं डोकंही जागेवर नव्हतं. ते तीन दिवसांपासून वनखात्याच्या कचेरीच्या खिडकीत अडकून पडलं होतं.

कचेरीपुढच्या रस्त्याला जुन्या चाररंगी पाटीच्या जागी त्याला एक मोठी पाटी रंगवायची होती. अर्ध्या चाकासारखी, पाच रंगांचे पाच पट्टे आणि मध्ये फिरता बाण. हिरवा म्हणजे वणव्याचा धोका कमी, मग पिवळा, नारिंगी, लाल. पाचवा रंग कोणता द्यायचा हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, नुसतं ‘अतिगंभीर’ असं होतं. म्हणून पेंटर विचारायला आत गेला होता.

“मॅडम, लालच्या पुढे काय देऊ?”

खिडकीजवळच्या टेबलावरची अधिकारी बाई पुठ्ठ्याच्या एका गोल चकतीशी झटत होती. मान वर न करता म्हणाली, “ज्याच्याकडे बघून माणूस खिशातली काडेपेटी घरी ठेवून येईल, असा द्या.”

पेंटरने जांभळा दिला. आणि तेव्हापासून त्याला काहीबाही शंका सुचू लागल्या. बाणाचं टोक किती जाड, अक्षरं तिरपी की सरळ. प्रत्येक शंकेला कचेरीत एक फेरी. मॅडम उत्तरं द्यायच्या ती तारेतल्या शब्दांसारखी, एकेका शब्दाचे पैसे पडत असल्यासारखी. पेंटर मात्र ती उत्तरं ओठांनी पुटपुटत बाहेर यायचा.

चौथ्या दिवशी पाटी उभी राहिली, बाण फिरू लागला, काम संपत आलं. आता उद्या यायचं निमित्त काय? पेंटरने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात चार पायांवर उभी, झडपांची एक लाकडी पेटी होती. तिचा पांढरा रंग खवले धरून निघाला होता. पेंटरच्या मनात माया दाटली. बाहेरून एक हात मारून द्यावा, पैसे नकोत, मॅडमना बरं वाटेल. जवसाच्या तेलात रंग कालवून तो कामाला लागला. बिजागरीपाशी ब्रश जाईना म्हणून त्याने दार उघडलं. आत दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले. एक उघडा, दुसऱ्याच्या पायाला मलमलची बारीक वात गुंडाळलेली आणि तिचं शेपूट पाण्याच्या कुपीत सोडलेलं. वात बिचारी सैल पडली होती. पेंटरने जिव्हाळ्याने तिला तेलकट बोटांनी वरपासून खालपर्यंत पीळ दिला, दार लावलं आणि मोठं पुण्य केल्याच्या आनंदात शिडीवर जाऊन अक्षरांना शेवटची किनार ओढू लागला.

त्या दिवशी मॅडम सकाळपासून जंगलात गेल्या होत्या. आकडे घ्यायचं काम वनरक्षकावर होतं. हा गडी स्वभावाने लोण्यासारखा, आणि सासुरवाडीच्या बाबतीत तर वितळलेलाच. त्याचे सासरे म्हणजे जाळरेषेवरच्या टोळीचे मुकादम. जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला मोकळा पट्टा. वणवा आला तर त्याला ओलांडायला काही मिळू नये म्हणून त्यावरचं गवत कापून, पाला ओढून आधीच जाळून टाकायचा. पण हे जाळायचं कधी, तर बाण हिरव्यावर असेल तेव्हाच. आणि बाण महिनाभर हिरव्याच्या वाटेलाही गेला नव्हता. मुकादम रोज वायरलेसवरून जावयाला विचारायचे, “काय हो जावईबापू, तुमचा बाण आज तरी हलतोय का?”

वनरक्षकाने पेटी उघडली. सुका तापमापक अडतीस. ओला छत्तीस. त्याने धोक्याचा रंग काढायची ती पुठ्ठ्याची चकती घेतली. पाऊस नसल्याचं कडं नेहमीच्या जागी, ओलाव्याचं कडं फिरवलं ते कधी नव्हे इतकं फिरलं, वाऱ्याचं कडं बेताचं. खाली पाहतो तर हिरवा! त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा हिरवा. चकती खोटं बोलत नाही, असं मॅडमनीच सांगितलेलं. त्याने बाण खाली ओढला आणि वायरलेस उचलला.

“मामा, लावा काडी!”

शिडीवरून पेंटरने आपल्याच हिरव्या रंगावर आलेला बाण पाहिला आणि त्याला शुभशकुन वाटला.

मॅडमची जीप आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खाली उतरल्या, पाटीकडे पाहिलं आणि जागीच थांबल्या. रस्त्याकडेच्या सागाचं एक वाळलेलं पान उचलून त्यांनी कानाजवळ नेलं आणि मुठीत दाबलं. पानाचा चुरा झाला. ही त्यांची लकब पेंटर पुढे आयुष्यभर पाहणार होता. घरात वर्तमानपत्र आलं तरी आधी कोपरा चुरगाळून त्याचा आवाज ऐकणार, मग बातम्या.

“हिरवा कुणी केला?”

“मॅडम, चकतीनेच,” वनरक्षक म्हणाला. “ओलावा अठ्ठ्याऐंशी टक्के आहे.”

“अठ्ठ्याऐंशी? तुझा घसा काय म्हणतोय?”

“सुकलाय मॅडम.”

“माझाही. मग तो ओलावा गेला कुठे, तुझ्या वहीत?”

वनरक्षक नुसता हसला. मॅडम हसल्या नाहीत.

“पाऊस किती आठवड्यांत नाही हे ओंडक्यांना नि मातीला कळतं. ती कधीच सुकून बसलीत, त्यात आज उद्या फरक पडायचा नाही. पण वरच्या पाल्याला हवेतला ओलावा तासाभरात कळतो. खरंच अठ्ठ्याऐंशी असता तर पान असं मोडलं असतं का? मऊ वाकलं असतं. आणि झाडांवर एक पान नाही. ऊन थेट जमिनीवर, वाराही थेट जमिनीवर. दुपारी वारा वाढणार असा निरोप सकाळीच आलाय. टोळीला काय सांगितलंस?”

वनरक्षकाचा हात वायरलेसकडे गेला.

“आधी त्यांना थांबव. आकडा नंतर शोधू.”

वायरलेस खरखरला. पलीकडून काही येईना. दरीत उतरले की मुकादमांचा आवाज जायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वनरक्षक पुन्हा पुन्हा हाका मारत राहिला, आधी “मुकादम”, मग “मामा”, आणि शेवटी थेट “बाबा” म्हणून.

मॅडम पेटीकडे गेल्या. ओल्या तापमापकाची वात दोन बोटांत धरली. कुपीतल्या पाण्याचा थेंब त्यांनी वातीवर सोडला तर तो अळवावरच्या थेंबासारखा घरंगळून गेला. वात पाणी शोषतच नव्हती. पाणी चढलं नाही की ते उडणार नाही, उडालं नाही की तापमापक थंड होणार नाही, आणि दोन्ही आकडे जवळजवळ आले की चकतीला वाटतं हवा पाण्याने तुडुंब भरली आहे. म्हणजे हवा जितकी कोरडी, तितकी ही वात जगाला ओलीचिंब सांगणार.

मॅडम शिडीपाशी आल्या.

“पेंटर, खाली या.”

पेंटर उतरला. शेवटची पायरी त्याच्या हिशेबातून निसटली.

“हात द्या.”

पेंटरने हात दिला. मॅडमनी तो धरला. उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून पाहिली, मग मान खाली घालून त्याच्या तळव्याजवळ चेहरा नेला. तसाच धरून क्षणभर डोळे मिटले. पेंटरच्या कानात त्या वारा मोजणाऱ्या वाट्या असतात ना खांबावर फिरणाऱ्या, तशा काहीतरी गरगरू लागल्या. मग मॅडमनी हात सोडला आणि तडक आत गेल्या.

नवी कोरी मलमल, स्वच्छ पाणी. वात बदलून त्या पेटीपुढे उभ्या राहिल्या. पारा उतरू लागला, उतरतच राहिला, एकोणिसावर थांबला. ओलावा चौदा टक्के. चकतीचं कडं उलट्या बाजूला धावलं आणि रंग लालवर आला. त्याच वेळी खांबावरच्या वाट्या सुसाट सुटल्या. मॅडमनी वाऱ्याचं कडं पुढे सरकवलं, आणि पेंटरने कालच वाळवलेल्या जांभळ्यावर बाण पहिल्यांदा गेला.

“मामा! मामा, ऐकू येतंय?” वनरक्षक ओरडत होता.

“काय बोंबलताय?” मुकादमांचा आवाज आला. “आत्ताच चढावर आलोय. एक टोक पेटवलंय, छान धरलंय.”

मॅडमनी माऊथपीस हिसकावला. “मुकादम, विझवा. आत्ता. करवंदीच्या हिरव्या फांद्यांनी झोडपा, माती टाका, माणसं वाऱ्याच्या पाठीकडे घ्या.”

“अहो, पण बाण हिरवा—”

“बाण जांभळा आहे. तुमच्या जावयाने सासऱ्याला जाळायचा घाट घातला होता. विझवा!”

त्यानंतर वायरलेस गप्प झाला. कचेरीत कुणी खुर्चीवर बसलं नाही. अंगणातला पाला भोवरा धरून फाटकाबाहेर गेला, परत आत आला. वनरक्षक भिंतीला टेकून बायकोचं नाव पुटपुटत होता. तिच्या माहेरी काय सांगायचं हे त्याला सुचत नसावं. पेंटर शिडी धरून उभा होता. आपल्या जांभळ्याकडे बघवेना त्याला.

मग खरखर झाली. “विझलं,” मुकादम धापा टाकत म्हणाले. “थोडं उशिरा सांगितलं असतं तर वरच्या रानात शिरलं असतं, बाई. वारा काय सुटलाय! आणि त्या जावयाला म्हणावं, जेवायला येताना चेहरा झाकून ये.”

दुसऱ्या दिवशी पेटीवर सूचना लागली: ‘पेंटर लोकांनी या पेटीस हात लावू नये.’ तेव्हा कुठे पेंटरच्या डोक्यात वात, तेल आणि बाण यांचा धागा जुळला. तो माफी मागायला गेला. मॅडम म्हणाल्या, “सूचनेची अक्षरं वाईट आलीत, नीट काढून द्या.” ती काढता काढता ओळख वाढली, ओळख वाढता वाढता लग्न ठरलं. तारीख मात्र बाण पुन्हा हिरव्यावर येईपर्यंत मिळाली नाही, कारण वणव्याच्या दिवसांत मॅडमना रजा नसे.

आता मॅडम निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. परवा कचेरीत नवीन यंत्र बसलं. ते स्वतःच ओलावा मोजतं, वारा मोजतं, आकडे कुठल्या कुठे पाठवतं, आणि रस्त्याला विजेच्या अक्षरांत रंग दाखवतं. त्याला वात नाही, त्यामुळे पेंटरची भीतीही नाही. जुनी पाटी निघाली, ती वनरक्षकाने, म्हणजे आता त्याच्याही टाळूवरचं रान विरळ झालं आहे, टेम्पोत घालून या दोघांच्या अंगणात आणून टेकवली. “भंगारात द्यायला जीव होईना मॅडम,” म्हणाला. “सासरेबुवांची आठवण आहे.”

तो गेला. दोघं अंगणात बसली. रंग उडाले होते, नारिंगी आणि पिवळा तर एकमेकांत मिसळून गेले होते. जांभळा मात्र अजून टवटवीत. पेंटरने उठून बाण हिरव्यावर आणला. मॅडमनी कुंडीतलं एक वाळकं पान उचललं, कानाशी नेऊन मोडलं आणि बसल्या जागेवरून काठीने बाण नारिंगीवर ढकलला.

पेंटर हसला. आयुष्यभर तो नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आला होता. आमच्या बाईंनी आपणहून हात धरला बरं का, तोही भर उन्हात, कचेरीसमोर, तिकडे रान पेटलेलं असताना! सांगताना मॅडम समोर असल्या की उठून आत जायच्या. लाजतात, असं पेंटर समजत असे. आज पाटीपुढे त्याला ते पुन्हा आठवलं. माणसांचा जीव टांगणीला लागलेला, एक एक क्षण मोलाचा, आणि त्यातला एवढा मोठा क्षण या बाईने आपल्या तळहातावर खर्च केला.

“मॅडम,” तो म्हणाला. घरातही तो मॅडमच म्हणायचा. “एक विचारू? त्या दिवशी एवढी धावपळ चालली होती, तरी माझा हात धरून तुम्ही डोळे मिटलेत. खरं सांगा, तेव्हा मनात काय होतं?”

“जवसाचं तेल आहे का, वास घेत होते.”