टाचेखालचा दीड इंच

माझं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त काथ्याकूट झाला तो माझ्या चपलेवर. शालू एका दुपारी ठरला, नांदेडचं कार्यालय एका फोनवर ठरलं, चपलेवर मात्र तीन आठवडे गेले. कारण साधं होतं. मी माझ्या नवऱ्यापेक्षा दोन इंच उंच आहे.

मला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. शाळेच्या प्रत्येक फोटोत मी मागच्या रांगेत उभी आहे, त्यामुळे सवय होती. पण साखरपुड्याला लातूरहून आलेल्या त्यांच्या एका काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पोराला हार घालाया शिडी आणावी लागती बघा." मंडप हसला. माझा होणारा नवराही हसला, पण त्याचे कान लालबुंद झाले. मी शेजारीच बसले होते. तेव्हाच मी ठरवून टाकलं की लग्नाच्या दिवशी याच्यावर कुणाला हसू द्यायचं नाही, त्यासाठी मला काय करावं लागेल ते मी करीन.

करायचं एवढंच होतं की चप्पल एकदम सपाट घ्यायची. पण माझ्या टाचा भलत्याच निघाल्या. मी नर्स आहे. वॉर्डात दिवसदिवस उभं राहून मला टाचदुखी लागली होती. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. आमच्याच हाडाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, अनवाणी चालू नको, पातळ सपाट चप्पल घालू नको, टाच थोडी वर आणि मऊ राहू दे. म्हणजे जी चप्पल नवऱ्यासाठी बरी, नेमकी तीच माझ्यासाठी वाईट. हे मी आईला सांगितलं नाही. लग्नाआधी मुलीचं काहीतरी दुखतंय म्हटलं की आमच्याकडे अर्ध्या तासात गावाकडे हदगावपर्यंत बातमी जाते.

आई गावाकडून आली आणि आम्ही नांदेडातच वजिराबाद भागातल्या एका चपलांच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा पिकल्या दाढीचे, पायाकडे बघूनच माणसाशी बोलणारे. दुपारचे बारा वाजले होते. ते म्हणाले, "बेटी, शादीची चप्पल संध्याकाळी घ्यावं लागतं. सकाळचा पाय खोटा बोलतो. दिवसभर उभी ऱ्हायली की पाय फुगतंय, मग खरं माप मिळतंय."

आईला परत यायचं नव्हतं. चाचांनी उसासा टाकून खोके काढायला सुरुवात केली. काही जोड्यांची टाच पेन्सिलीएवढी बारीक होती. ती त्यांनी स्वतःच बाजूला सारली. "तुमचं कार्यालय लॉनचं हाय ना? ही गवतात घुसती. नवरी तिथंच रोवली जाती." मग त्यांनी एक सोनेरी जोडी काढली. टाच जाड, चौकोनी, दोन बोटं उंच. पुढच्या बाजूलाही थोडा सोल होता, त्यामुळे पाय उतरणीवर असल्यासारखा वाटत नव्हता. घोट्याला पट्टा, आत मऊ गादी. त्यांनी मला गालिच्यावरून उठवून बाहेर फरशीवर चालायला लावलं. "गालिच्यावर सगळीच चप्पल ग्वाड लागती."

मी चालले आणि माझ्या टाचा एकदम गप्प झाल्या. मला तिथेच रडू येईल की काय असं वाटलं, इतकं बरं वाटलं.

"दोन बोटं?" आई म्हणाली. "येडी हायस का? आधीच दोन इंच, वर ही दोन बोटं. त्याच्या फेट्याच्या बी वर जाशील. चाचा, एक बोट बी उंच नको. सपाट दावा."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या टाचांचं त्यांना बहुतेक कळलं होतं. "माय, दिवसभर उभं ऱ्हायाला एकदम सपाट लई वाईट असतंय. थोडी तरी..."

"सपाटच द्या," मी म्हणाले. माझ्या आवाजाला उगाच धार आली. आईनंही चमकून बघितलं.

घेतली ती सपाट, पातळ सोलाची, खड्यांची, मागे पट्टा असलेली. चाचांनी सोल रस्त्यावर घासून दिला, म्हणजे कार्यालयाच्या हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरणार नाही. "रोज एक घंटा घरात घाल. आन् साडी नेसताना हीच पायात ठेव, न्हाईतर निऱ्या लांब पडतात." मी सगळं ऐकलं. चप्पल रोज घातली आणि रोज रात्री पायाखाली गोठवलेली पाण्याची बाटली फिरवत बसले.

लग्न दुपारच्या मुहूर्ताचं होतं. वरात भर उन्हात दाराशी आली, डीजे दणाणत होता आणि नवरदेव चक्क तासभर नाचला. खिडकीतून मी बघत होते. नाचायचा मोठा शौकीन, पण त्या दिवशी पाय उचलत नव्हता, नुसते खांदे हलवत होता. मला वाटलं, उन्हानं दमला असेल.

मंगलाष्टकांना दोघांच्या चपला निघाल्या. म्हणजे आता खरी उंची उघडी पडणार होती, आणि याचा विचार दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या परीनं केलेला होता. सासूबाईंनी लातूरहून मुलासाठी खास सुताराकडून चांगला हातभर रुंद आणि चार बोटं उंच पाट करून आणला होता. इकडे माझ्या आईनं माझा पाट गुपचूप काढून तिथे कांबळ्याची घडी घातली होती. दोघींनी एकमेकींना काही विचारलं नव्हतं. अंतरपाट खाली आला तेव्हा तो माझ्यापेक्षा ऐटीत उंच उभा होता आणि त्यालाच त्याचं आश्चर्य वाटत होतं. मला कांबळं मऊ लागलं. पूर्ण दिवसात टाचांना तेवढाच आराम मिळाला.

खरी गंमत पुढे झाली. आमच्याकडे साळ्या नवरदेवाचे जोडे पळवतात. माझ्या धाकट्या बहिणीनं मंगलाष्टकं चालू असतानाच त्याची मोजडी लांबवली होती. सप्तपदी आटोपून मी खोलीत पाणी प्यायला गेले तर ती ओढणीखालून मोजडी काढून हसत सुटली. "ताई, हे बघ ना. दाजींनी आत काय घातलंय."

आत रबराचा उतरता तुकडा होता, टाचेकडे चांगला दीड इंच जाड. दोन्ही मोजड्यांत एकेक. उंची वाढवायला बुटात घालतात तसा. पण मोजडीची मागची कड ठेंगणी असते. आत एवढं जाड घातलं की टाच बाहेर निसटते, आणि ती पायात टिकवायला माणसाला बोटं आवळून चालावं लागतं. म्हणून नाचताना त्याचा पाय उचलत नव्हता.

बहीण मैत्रिणींना दाखवायला निघाली होती. मी तिचा दंड धरला. "कुणाला एक शब्द सांगितलास तर बघ. आहे तसं परत ठेव." ती हिरमुसली. मला तिच्यावर नव्हे, त्या साखरपुड्याच्या काकांवर संताप आला होता. आणि त्याची फार दया आली.

मग स्टेज. दोन्हीकडची माणसं, तालुक्यातले ओळखीचे, माझ्या हॉस्पिटलचा सगळा स्टाफ. मागे मखमलीचा सोफा होता, पण बसायला मिळत नव्हतं. आहेर घ्या, वाका, फोटोला उभे राहा, पुढचे आले. पहिल्या तासाला टाचा दुखल्या. दुसऱ्या तासाला दुखणं पोटऱ्यांत चढलं. शालूच्या आत मी एक पाय उचलायची, मग दुसरा. शेजारी तो पाय जमिनीला खिळल्यासारखा उभा होता. मला त्याचं माहीत होतं, त्याला माझं माहीत नव्हतं, निदान माझी तशी समजूत होती.

फोनवर आम्ही कधीच अरे-तुरेवर आलो होतो. फोटोग्राफर बॅटरी बदलायला गेला तसा तो पुढे बघतच म्हणाला, "टाच दुखून राहिली ना तुझी?"

"काही नाही."

"दहा मिनिटांपासून बगळ्यासारखी उभी आहेस."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. मी सांगून टाकलं. टाचदुखी, डॉक्टर, सपाट चप्पल. सपाट का, ते सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. त्यानं एकदा माझ्या चपलांकडे बघितलं. मग विचारलं, "टाच वर ठेवायला सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

"हो."

रांगेत पुढे त्याचे तेच काका उभे होते. "काका, एक मिनिट थांबा," तो म्हणाला आणि सोफ्यावर बसला. भर स्टेजवर त्यानं मोजड्या काढल्या, आतले दोन्ही तुकडे बाहेर ओढले आणि माझ्यासमोर खाली बसला. फेट्याचा तुरा माझ्या गुडघ्याला लागत होता. पार्लरवाल्या ताई पदर सारखा करायला शेजारीच होत्या. त्यांच्याकडून त्यानं दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप मागून घेतली, तुकडे माझ्या चपलांत बसवले, वरून पट्टे लावले. "अरे, काय करून राहिलास?" काकांनी विचारलं. "हे काय होतं तुझ्या जोड्यात?"

"उंची होती काका," तो म्हणाला. "तिला जास्त गरज आहे."

मी त्याच्या कानांकडे बघितलं. लाल झाले नव्हते.

तो उठून शेजारी उभा राहिला. माझ्यापेक्षा चांगला तीन-साडेतीन इंच बुटका. काका पुढे येऊन आमच्याबरोबर फोटोला उभे राहिले. माझ्या टाचा हळूहळू मोकळ्या झाल्या. संध्याकाळी निघताना पुन्हा डीजे लागला तेव्हा तो सपाट मोजडीत असा नाचला, की मलाही ओढलं आणि मी नाचले.

आठवड्यानं लातूरच्या घरी अल्बम आला. सासूबाई चष्मा लावून तो घेऊन बसल्या. भिंतीवर लावायला एक फोटो मोठा करायचा होता. मी पुढे होऊन तुकडे बदलण्याआधीच्या एका फोटोवर बोट ठेवलं, ज्यात आम्ही दोघं जवळजवळ सारखे दिसतो. पाट करून आणणारी बाई, तिला तोच आवडणार, असा माझा अंदाज होता.

सासूबाईंनी माझं बोट बाजूला केलं आणि पुढची पानं उलटली. ज्यात मी ताडमाड आहे आणि तो माझ्या खांद्याशी तोंडभर हसतोय, तो फोटो त्यांनी काढला.

"त्यात दोघं बी मयतीला आल्यावानी दिसून राहिले," त्या म्हणाल्या. "ह्यो लाव."